झोपेसाठी रोज रात्री सर्दीची गोळी : चौदा महिने झाले, आता बंद कशी करायची?

कृष्णाकाठ (सांगली), सोमवार रात्री ९.४०

सासऱ्यांच्या गोळीबद्दल विचारायचं आहे. आप्पांचं वय ६७, वजन ५८ किलो. गेले चौदा महिने ते रोज रात्री झोपेसाठी सर्दीची गोळी घेतात. सर्दी नसते. मागच्या वर्षी सर्दी झाली तेव्हा घेतली, गाढ झोप लागली, तेव्हापासून चालू आहे. पहिले काही महिने एक पुरायची, आता पाच-सहा महिने दोन घेतात. चिठ्ठी लागत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात पट्टी मिळते.

पट्टीवर छापलेलं जसंच्या तसं देते. पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, फेनिलएफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २, कॅफिन ३०. बाकीची औषधं : रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ सकाळी, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ०.४ रात्री जेवणानंतर, आणि गुडघा दुखला की पॅरासिटामॉल ६५०, दिवसातून एक किंवा दोन.

नऊला अंथरुणावर पडतात, दहाला गोळ्या घेतात, अकरा-साडेअकरापर्यंत कूस बदलत असतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. साडेपाचला उठतात, पण नऊ वाजेपर्यंत डोळ्यांवर झापड असते, बोललेलं लगेच कळत नाही. त्यावर तीन कप चहा. दुपारी दीड ते साडेतीन झोप. संध्याकाळी सहाला पुन्हा चहा.

मागच्या महिन्यात माझ्या आग्रहाखातर दोन रात्री घेतली नाही. दोन्ही रात्री टक्क जागे. तेव्हापासून "गोळीशिवाय मला झोपच नाही" हे पक्कं झालंय. एकदम बंद करावी की हळूहळू?

---

तासगावचा_दादा, सोमवार रात्री १०.०५

ताई, उगाच घाबरू नका. सर्दीच्या गोळीची सवय लागत नसते. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरेंची, म्हणून ती चिठ्ठीशिवाय देत नाहीत. ही आमच्यात लहानपणापासून सगळेच घेतात की. वयात झोप कमीच होते. दोन गोळ्यांनी म्हातारा माणूस शांत झोपत असेल तर झोपू द्या.

---

औषधवाला_मिरज, सोमवार रात्री १०.४०

दादा, अर्धं बरोबर आहे. अल्प्राझोलामसारखं याचं व्यसन लागत नाही, आणि अचानक सोडल्यावर झटके येण्याची तसली भीतीही नाही. पण "सवय" म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतोय. एक म्हणजे सोडल्यावर होणारा त्रास, दुसरी म्हणजे गोळीचा उपयोगच संपत जाणं. दुसरी या गोळ्यांमध्ये फार लवकर होते. ताईंच्या पोस्टमध्येच आहे बघा : एकीच्या दोन झाल्या, आणि दोन घेऊनही माणूस साडेअकरापर्यंत जागा. शांत झोपतोय कुठे?

आता पट्टीकडे या. काउंटरवर उभं राहून मी हे रोज बघतो. गिऱ्हाईक "झोपेची साधी गोळी" मागतं आणि चार औषधं एकत्र असलेली सर्दीची गोळी घेऊन जातं. यात झोप आणणारं एकच, क्लोरफेनिरामिन. पॅरासिटामॉलचा झोपेशी संबंध नाही. कॅफिन तर उलट जागं ठेवायला. दोन गोळ्यांत ६० मिग्रॅ, म्हणजे आपल्याकडचा एक चांगला कडक कप चहा. रात्री दहाला चहा पिऊन त्यातच गुंगीचं औषध कालवल्यासारखं झालं हे.

पॅरासिटामॉलचीही बेरीज करा. रात्री हजार, गुडघ्यासाठी दोनदा ६५० म्हणजे तेराशे, एकूण २३०० मिग्रॅ. दिवसाच्या कमाल मर्यादेच्या आत आहे, पण वजन ५८ किलो, आणि त्यातलं हजार रोज विनाकारण. मध्येच ताप आला आणि कुणी अजून दिलं की गणित हाताबाहेर जातं, कारण रात्रीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे घरात कुणाच्या लक्षातच नसतं.

---

शेवंता_कराड, सोमवार रात्री ११.१०

ॲलर्जी असेल तर गोळी बंद करू नका. माझ्या मुलीला मॉन्टेलुकास्ट-लेवोसेटिरिझिन वर्षभर चालू आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. मध्येच थांबवलं की अंगाला खाज सुटते.

---

डॉ_अजिंक्यतारा (सातारा), मंगळवार सकाळी ६.५०

शेवंताताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे ॲलर्जीसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी चालू आहे. आप्पांना ॲलर्जी नाही, ते झोपेसाठी घेतायत. खाजेचं मात्र तुम्ही बरोबर टिपलंत. सेटिरिझिन आणि लेवोसेटिरिझिन बरेच महिने रोज घेऊन थांबवल्यावर काहींना जोराची खाज सुटते, क्वचित पण सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तशी सूचनाही काढली. मुलीची गोळी थांबवायची वेळ आली की आपल्या डॉक्टरांना हे आठवणीने सांगा.

कृष्णाकाठ, तुमच्या पोस्टमध्ये मला झोपेपेक्षा लघवीची काळजी जास्त वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायू सैल करतं, म्हणजे वाट मोकळी करतं. फेनिलएफ्रिन त्याच जातीच्या स्नायूंना आवळतं. पोटातून घेतलेलं फेनिलएफ्रिन बरंचसं आतड्यात-यकृतातच संपतं, त्यामुळे किती आवळेल हे माणसागणिक बदलेल, पण दिशा उलटी आहे. वर क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचं आकुंचनच ढिलं करतं. म्हणजे एक गोळी दार उघडते आणि दुसरी गोळी दार लोटून वर ढकलणाऱ्याचे हातही बांधते. दोन्ही गोळ्या एकाच रात्री, तासा-दोन तासांच्या अंतराने पोटात जातात.

याचा परिणाम असा की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. थोडं उरलेलं असतं, त्यामुळे दीड-दोन तासांत पुन्हा भरतं आणि पुन्हा जाग येते. आप्पांना वाटतं झोप लागत नाही म्हणून जाग येते. बहुधा लघवीमुळे जाग येते, आणि लघवी गोळीमुळे वाढलीये. जाग येते म्हणून गोळी वाढते.

तुम्ही हे विचारून सांगा : लघवी सुरू व्हायला उभं राहून वाट बघावी लागते का, धार बारीक झालीये का, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का, पोट साफ होतं का, तोंड कोरडं पडतं का. आणि संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो का?

---

कृष्णाकाठ, मंगळवार दुपारी २.१५

विचारलं. लघवीला मिनिटभर थांबावं लागतं, धार बारीक, राहिल्यासारखं वाटतं. पोट दोन दिवसांआड. रात्री उशाशी तांब्या असतो, तोंड कोरडं पडतं म्हणून प्रत्येक वेळी उठलं की अर्धा पेला पाणी. घोट्यावर खळगा राहतो, दोन्ही पायांवर. डोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पेपर वाचताना अक्षर धूसर दिसतं म्हणतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं आम्हाला वाटलं होतं.

---

औषधवाला_मिरज, मंगळवार दुपारी ३.००

कोरडं तोंड, बद्धकोष्ठ, धूसर अक्षर, अडलेली लघवी. चारही एकाच औषधाने होऊ शकतं. आणि याची गंमत अशी की झोप आणण्याची ताकद काही दिवसांत कमी होते, हे त्रास मात्र तितक्या लवकर कमी होत नाहीत. म्हणजे दुसरी गोळी वाढवली तेव्हा फायदा वाढला नाही, हे चार त्रास वाढले.

चष्मा बदलायच्या आधी थांबा. गोळी बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी नंबर तपासा, नाहीतर पैसे वाया.

---

डॉ_अजिंक्यतारा, मंगळवार रात्री ९.३०

ही उत्तरं बघता आधी हे करा. या आठवड्यात पोटाची सोनोग्राफी. लिहून देताना "लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते" हे मोजायला सांगायचं. नुसती सोनोग्राफी केली तर कधीकधी भरलेल्या मूत्राशयाचीच करून पाठवतात. उरलेलं ५० मिलीच्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर असेल तर दखल घ्यायची, ३०० च्या आसपास गेलं तर लगेच मूत्ररोगतज्ज्ञ. सोबत मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी. मिरज जवळच आहे, अडचण नाही.

आणि हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या : सहा-आठ तास लघवी झालीच नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखान्यात नळी घालून घ्यायची. अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, नसलेली माणसं दिसणं, किंवा डोळा लाल होऊन प्रचंड दुखणं, तेव्हाही लगेच.

घोट्याची सूज बहुधा ॲम्लोडिपिनची आहे, पण हृदय-मूत्रपिंडं तपासल्याशिवाय तसं ठरवू नका. सूज कशाचीही असो, दिवसभर पायांत साचलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि त्याची लघवी होते. दुपारी चार ते पाच पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवून पडू द्या, झोपू मात्र देऊ नका. ते पाणी संध्याकाळीच निघून जाऊ दे. उशाचा तांब्या जाऊ दे. तोंड कोरडं वाटलं तर चूळ भरा. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण ज्यांनी लिहून दिली त्यांना सूज नक्की दाखवा.

---

हळदीचा_भाव (सांगली), मंगळवार रात्री १०.२०

एक शंका. गोळीची गुंगी काही दिवसांत कमी होते म्हणता, मग आप्पांना सकाळी नऊपर्यंत गुंगी कशी? दोन्ही एकदम खरं कसं?

---

औषधवाला_मिरज, मंगळवार रात्री ११.००

चांगला प्रश्न. आधी किती औषध अंगात राहतं ते बघू, थोडं गणित आहे.

क्लोरफेनिरामिन अर्धं व्हायला मोठ्या माणसात साधारण वीस तास लागतात, म्हाताऱ्यांत जास्तही. वीस धरून चालू. चोवीस तासांनी सुमारे ४३ टक्के शिल्लक. रोज ४ मिग्रॅ घेतलं की आदल्या दिवसांचं साठत जातं. आठवड्याभरात स्थिती अशी होते की रात्री दहाला गोळ्या घ्यायच्या आधीच अंगात तीन मिग्रॅच्या आसपास असतं, घेतल्यावर सात होतं, आणि सकाळी सहाला अजून साडेपाच. म्हणजे आप्पा सकाळी चहा घेताना अंगात रात्रीच्या डोसपेक्षा जास्त औषध असतं. चार मिग्रॅ घेतलं म्हणून चारच असतं असं नाही.

याच जातीच्या दुसऱ्या औषधाचं, डायफेनहायड्रामिनचं असं होत नाही, ते नऊ-दहा तासांत अर्धं होतं. पण म्हाताऱ्यात तेरा-चौदा तासांवर जातं, त्यामुळे सकाळी तेही पुष्कळ उरतं.

---

डॉ_अजिंक्यतारा, बुधवार सकाळी ७.१०

गणित ठीक. शंकेचं उत्तर पूर्ण देता येणार नाही, पण मला जे वाटतं ते लिहितो. सवय होण्याचा जो प्रयोग नेहमी सांगितला जातो तो २००२ चा, १५ निरोगी तरुण-मध्यमवयीन पुरुषांवर. डायफेनहायड्रामिन ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा. पहिल्या दिवशी स्पष्ट झोप, चौथ्या दिवशी नकली गोळी घेणाऱ्यांइतकीच. तो दिवसा येणाऱ्या झोपेवर होता, औषधही वेगळं होतं, आणि त्यात ६७ वर्षांचा कुणी नव्हता. म्हणजे "झोपेची ओढ" कमी होते हे बऱ्यापैकी खरं. लक्ष, आठवण, प्रतिक्रियेचा वेग हे तितकंच सावरतं असं त्यावरून म्हणता येत नाही. वयात मेंदू या औषधांना जास्त हळवा असतो. शिवाय चारदा उठलेली झोप आणि दहाचं कॅफिन, सकाळच्या झापडेत त्यांचाही वाटा असणार. कुणाचा किती, हे गोळी सुटल्यावरच कळेल.

---

रात्रपाळी_गळीत, बुधवार सकाळी ८.३०

मी कारखान्यावर आहे, हंगामात रात्रपाळी. दिवसा झोप यावी म्हणून डायफेनहायड्रामिन २५ ची कॅप्सूल, कधी दोन. मला गुंगीचा त्रास नाही, संध्याकाळी मोटरसायकल फर्स्ट क्लास चालवतो. अडचण एकच : आडवं झालं की पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. कॅप्सूल कमी पडतेय का? ५० कायम करू?

---

डॉ_अजिंक्यतारा, बुधवार दुपारी १.४०

वाढवू नका. पायांची ती वळवळ हा स्वतंत्र आजार असतो, आणि ही औषधं तो वाढवतात. कॅप्सूल घेतली की झोपही येते आणि पायही जास्त वळवळतात, म्हणून माणसाला वाटतं डोस कमी पडला. आधी दोन आठवडे कॅप्सूल पूर्ण बंद करून पाय बघा. सोबत रक्तातलं फेरिटिन तपासा, नुसतं हिमोग्लोबिन नको. हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, आणि फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा लोह सुरू करतात.

"गुंगी नाही" यावर मात्र विसंबू नका. २००० साली अमेरिकेत आयोवात गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर तुलना झाली होती. एकदा डायफेनहायड्रामिन ५० मिग्रॅ, एकदा दारू. काही बाबतींत डायफेनहायड्रामिनवर चालवणं दारूपेक्षा वाईट निघालं, आणि चालवणाऱ्याला स्वतःला किती झोप येतेय यावरून तो कसा चालवेल हे नीट सांगता आलं नाही. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून अंधारात येता-जाता, एवढं लक्षात ठेवा.

---

तासगावचा_दादा, बुधवार दुपारी २.००

बरं, माघार घेतो. पण मग बंद एकदमच करा की. ताकद संपली आहे, व्यसन नाही, मग रेंगाळायचं कशाला?

---

औषधवाला_मिरज, बुधवार संध्याकाळी ७.२०

मी हळूहळूच्या बाजूचा. मागच्या महिन्यात दोन रात्री एकदम बंद करून पाहिलं, आणि त्या दोन रात्रींनीच आप्पांची खात्री पटवली की गोळीशिवाय झोप नाही. पुन्हा तसंच झालं तर तिसऱ्यांदा कुणाचं ऐकणार नाहीत.

आणि त्या दोन रात्रींनी काहीच सिद्ध झालं नव्हतं. वरच्याच गणिताने दुसऱ्या रात्री दहाला अंगात सव्वा-दीड मिग्रॅ शिल्लक होतं. जे औषध चौदा महिने रोज मिळत होतं ते निम्म्याहून कमी झालं की शरीर उलट्या दिशेला झुकतं. जाग, बेचैनी, नाक-तोंड पाझरणं, कधी मळमळ. ही जाग मूळ निद्रानाशाची नसते, सोडण्याची असते. साधारण दुसऱ्या ते सहाव्या रात्री जास्त, पुढे उतरते. म्हणून चौदा रात्री झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

माझी पद्धत अशी. चार औषधांची पट्टी आजच बंद. त्याजागी निव्वळ क्लोरफेनिरामिनची ४ मिग्रॅची गोळी, मागितली तर मिळते, स्वस्त आहे. डोस तोच राहिला, पण कॅफिन, फेनिलएफ्रिन आणि पॅरासिटामॉल एका रात्रीत सुटलं. तीन रात्री पूर्ण, मग सात रात्री अर्धी, मग आठवडाभर एक रात्र आड अर्धी, मग बंद. गोळी फार छोटी असते, सुरीने तोडली तर भुगा होतो, गोळी कापायची डबी घ्या. कॅप्सूल किंवा "एसआर" लिहिलेली, म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी कापायची नाही.

---

डॉ_अजिंक्यतारा, बुधवार रात्री ९.५०

पट्टी आजच बंद आणि निव्वळ गोळीवर यायचं, हे मला मान्य. पुढे मतभेद आहे. लघवी अडतेय, अशा माणसाला अजून अडीच आठवडे तेच औषध देत राहणं मला पटत नाही. ज्याची लघवी मोकळी आहे त्याला तुमची पद्धत उत्तम. आप्पांना मी सरळ अर्ध्यावर, म्हणजे २ मिग्रॅवर आणीन, चार रात्री, आणि बंद. सोनोग्राफीत १५० च्या वर निघालं तर त्याच दिवशी बंद, रात्री वाईट गेल्या तर गेल्या. हे औषध इतकं सावकाश उतरतं की ते स्वतःच थोडी पायरी करून देतं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत अंगात नगण्य उरतं.

कुठली पद्धत सरस हे दाखवणारा चांगला तुलनात्मक अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा हे माझं मत समजा आणि आप्पांना तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या.

झोपेचं बघू. नऊ ते साडेपाच अंथरुणात साडेआठ तास, वर दुपारी दोन तास. सदुसष्टाव्या वर्षी एवढी झोप शरीराला हवीच नसते, मग उरलेला वेळ कूस बदलण्यात जातो. उठायची वेळ साडेपाच पक्की ठेवा, रात्र कशीही जावो. अंथरुणावर पावणेअकराला, आधी नाही. पावणेअकरा ते साडेपाच म्हणजे पावणेसात तास. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं, तीही खुर्चीत. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, झापड आली की परत. घड्याळ बघायचं नाही. चहा दुपारी बारानंतर बंद, सहाचा चहा सगळ्यात आधी जाऊ द्या. पहिला आठवडा दिवसा फार झोप येईल, त्या आठवड्यात स्कूटर चालवू देऊ नका, आणि रात्री उठताना पॅसेजमधला दिवा चालू ठेवा. टॅमसुलोसिनने उभं राहताना रक्तदाब उतरतो, पडतील.

---

हळदीचा_भाव, बुधवार रात्री १०.३०

या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो असं वाचलं. चौदा महिन्यांत झाला असेल तर?

---

डॉ_अजिंक्यतारा, गुरुवार सकाळी ७.००

तुम्ही वाचलंत तो बहुधा अमेरिकेतला २०१५ चा अभ्यास. ६५ वर्षांवरचे ३४३४ लोक. या जातीची औषधं ज्यांनी सगळ्यात जास्त घेतली त्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त आढळला. तो वरचा गट म्हणजे साधारण रोज ४ मिग्रॅ क्लोरफेनिरामिन तीन वर्षांहून अधिक. आप्पांचा डोस तोच आहे, मुदत नाही. दोन्ही गोष्टी सोबत आढळल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

---

शेवंता_कराड, गुरुवार सकाळी ९.१५

उलटंही असेल ना? स्मृतिभ्रंश सुरू होताना झोप आधी बिघडते, मग माणूस गोळ्या घेतो.

---

डॉ_अजिंक्यतारा, गुरुवार सकाळी ९.४०

हो, तो आक्षेप खरा आहे आणि अभ्यासकांनी त्यासाठी शेवटच्या वर्षातल्या गोळ्या मोजल्या नव्हत्या. तेवढ्याने शंका मिटते का यावर दोन मतं आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर पासष्टीनंतर ही गोळी थांबवायला स्मृतिभ्रंशाची भीती लागतच नाही. पडणं, लघवी अडणं आणि भ्रम ही तीन कारणं पुरेशी आहेत, आणि वृद्धांना कोणती औषधं टाळावीत याच्या अमेरिकी यादीत ही त्याचसाठी आहेत.

---

कृष्णाकाठ, तीन आठवड्यांनंतर, रविवार सकाळी ११.००

उशीर झाला, पण वही ठेवली होती म्हणून नीट लिहिते.

सोनोग्राफीत लघवीनंतर १४० मिली उरलेलं निघालं, क्रिएटिनिन ठीक. आमच्या डॉक्टरांनी पट्टी त्याच दिवशी बंद केली, अर्धी निव्वळ गोळी चार रात्री दिली आणि मग पूर्ण बंद. पायांची सूज बघून रक्तदाबाची गोळी बदलली.

पूर्ण बंदची पहिली रात्र बरी गेली, दुसरी ते पाचवी वाईट. तिसऱ्या रात्री एकूण तीन तास झोप. नाक सारखं वाहत होतं, म्हणून आप्पा म्हणाले, "बघ, सर्दीच होती, गोळी लागतच होती." आठव्या रात्रीनंतर पाच तास. काल, म्हणजे सतराव्या रात्री, अकराला पडले, पाऊण तासाने झोप, दोनदा उठले, साडेपाचला जाग. सकाळची झापड दहाव्या दिवसापासून जवळजवळ नाही. पेपर जुन्याच चष्म्याने वाचतात. लघवीला अजून थोडं थांबावं लागतं.

दोन प्रश्न राहिलेत. आता ते गाढ झोपले की मोठ्याने घोरतात, मध्ये श्वास थांबल्यासारखा वाटतो. आणि थंडीत खरी सर्दी झाली तर काय द्यायचं?

---

डॉ_अजिंक्यतारा, रविवार दुपारी १२.२०

श्वास थांबतो त्याचा रात्री मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, उताणे असतानाचा आणि कुशीवरचा. तो घेऊन छातीरोगतज्ज्ञांकडे जा, झोपेची तपासणी लागेल की नाही ते ठरवतील. रात्री लघवीला उठणं झोपेत श्वास थांबण्याच्या आजारानेही वाढतं, त्यामुळे राहिलेल्या दोन वेळा त्याच्या असू शकतात. लघवीनंतर किती उरतं ते महिन्याने पुन्हा मोजून घ्या.

---

औषधवाला_मिरज, रविवार दुपारी १.०५

सर्दी झाली तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, वाफ, आणि ताप-अंगदुखी असेल तर निव्वळ पॅरासिटामॉल, गुडघ्याचं धरून बेरीज करून. पोटातून घ्यायच्या फेनिलएफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही एकमताने सांगितलंय, म्हणजे त्या पट्टीशिवाय सर्दीतही आपण फार काही गमावत नाही. दुकानदाराला "सर्दीची गोळी" म्हणू नका, औषधाचं नाव सांगा. घरात जुन्या पट्ट्या असतील तर काढून टाका.

---

कृष्णाकाठ, रविवार दुपारी १.३०

कपाटातल्या तीन काढल्या होत्या. आत्ता गादी उन्हात टाकली तर उशीच्या अभ्र्यात दोन गोळ्या राहिलेली एक पट्टी निघाली. आप्पा म्हणतात, अडीनडीला ठेवली होती.